गाल कोरडा, वळी ओली: बाळाचा एक्झिमा सांभाळताना

सोलापुरात बाळाच्या गालावर लाल चट्टा उठला की निदान करायला दारात चार जणी उभ्या असतात. एकीला उष्णता वाटते, दुसरीला दात, तिसरीला जंत, आणि चौथीचं मत असं की बाळंतिणीने वांगं खाल्लं. माझ्या मुलीला चौथ्या महिन्यात सुरू झालं, पुढे नणंदेच्या मुलालाही झालं, त्यामुळे आमच्या घरात या विषयावर बरीच उठाठेव झाली आहे. जे डॉक्टरांकडून कळलं आणि रोजच्या करण्यातून पक्कं झालं, ते इथे क्रमाने लिहिते. औषधाची नळी कोणती आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण नळीच्या आधी आणि नंतर घरात बरंच काही करायचं असतं, आणि तिथेच घोळ होतो.

मुख्य गोष्ट आधी सांगते. एकाच बाळाच्या गालावर आणि मानेच्या वळीत लाली असेल, तर ती दिसायला सारखी असली तरी तिला एकच उपाय चालत नाही. गालाची कातडी आतलं पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून ती कोरडी पडते, तडकते. वळीत मात्र घाम, लाळ आणि दूध साचून कातडी भिजत राहते. गालाला जाड मलमाचा थर हवा असतो. तोच थर वैशाखात मानेच्या वळीत भरला तर आतलं अजून कुजतं.

1. आधी नीट बघा, हे एक्झिमाच आहे का

लहान बाळाचा एक्झिमा, ज्याला आपण इसब म्हणतो, बहुतेक वेळा दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान गालांवर दिसू लागतो. मग कपाळ, कानामागची जागा, हातापायांची बाहेरची बाजू. बाळ रांगायला, चालायला लागलं की तो कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या लवणीत, मनगटावर आणि मानेवर सरकतो. नाकाचा शेंडा आणि लंगोटाखालची जागा मात्र बहुधा सुटलेली असते. त्यामुळे सगळी लाली लंगोटाखालीच असेल, तर वेगळा विचार करायला हवा.

आपल्या सावळ्या रंगावर लाली लाल दिसतेच असं नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. एक्झिम्याची जागा खरखरीत लागते. आणि खाज असतेच. तीन महिन्यांच्या बाळाला नखांनी खाजवता येत नाही, पण ते गाल तुमच्या खांद्यावर घासतं, दुपट्यावर डोकं इकडून तिकडे फिरवतं, रात्री कुरकुरत उठतं.

खाज नसेल आणि डोक्यावर, भुवयांत पिवळट तेलकट खपल्या असतील, तर तो टाळूवरचा कोंडा असतो आणि बहुधा आपोआप जातो. बारीक टाचणीच्या टोकाएवढे पुटकुळ्यांचे दाणे मानेवर, पाठीवर, छातीवर आले आणि गार खोलीत ठेवल्यावर दोनेक दिवसांत बसले, तर ते घामोळं. रात्री घरातले सगळेच खाजवत असतील आणि बाळाच्या तळहातावर, तळपायावर फोड असतील, तर खरूज तपासून घ्या. खरजेवरचा उपचार पूर्ण घराला एकदम घ्यावा लागतो, एकट्या बाळाला देऊन ती हटत नाही. गोल कडा उठलेला चट्टा असेल तर गजकर्ण असू शकतं, आणि त्यावर नुसतं स्टिरॉइडचं मलम लावलं तर ते दबून पसरतं.

आई-बाबांपैकी कोणाला दमा, सतत शिंका किंवा लहानपणी इसब असेल, तर बाळाला एक्झिमा होण्याची शक्यता वाढते. तो संसर्गजन्य नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजारणीला हे आधीच सांगून टाका.

2. आंघोळ कशी घालायची

आपल्याकडे बाळाची आंघोळ हा मोठा कार्यक्रम असतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी येतात, कढत पाणी, डाळीचं पीठ, हळद-साय, अंग लाल होईस्तोवर चोळणं, शेवटी शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी. एक्झिमा असलेल्या कातडीला यातलं जवळजवळ काहीच मानवत नाही. पीठ खरखरीत असतं, उटण्यात वास आणि झाडपाला असतो, गरम पाणी कातडीतला स्निग्धपणा काढून घेतं आणि धुराने गाल व श्वासनळी दोन्ही चिडतात. मावशींचं मन न दुखवता सांगायचं असेल तर "डॉक्टरांनी पीठ बंद केलंय" एवढं पुरतं. डॉक्टरांचं नाव घेतलं की वाद होत नाही.

पाणी कोमट, म्हणजे तुमच्या कोपराला ना गरम ना गार वाटेल इतपत. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून एकदा. साबणाची वडी नको, बिनवासाचं सौम्य क्लेन्झर घ्या आणि तेही जिथे मळ असेल तिथेच. पाण्यात जंतुनाशक द्रवाचं टोपण ओतायची सवय पुष्कळ घरांत आहे, ती बंद. त्याने जंतूंपेक्षा बाळाची कातडी आधी मरते.

बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण नीट सुटत नाही आणि त्याचा थर अंगावर राहतो. म्हणून साबण कमी आणि शेवटचा तांब्या स्वच्छ पाण्याचा, इतकं पाळा. महापालिकेचं पाणी रोज येत नसल्याने आपण साठवतोच. त्यातलं एक घागरभर बाळासाठी वेगळं काढता आलं तर बरं. पाणी मऊ करणारं महागडं यंत्र मात्र यासाठी घेऊ नका. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी अशी यंत्रं बसवून चाचणी घेतली होती, 2011 साली तिचे निष्कर्ष आले आणि नेहमीच्या उपचारापेक्षा काही जास्तीचा फायदा दिसला नाही.

आंघोळीनंतर अंग टिपायचं, पुसायचं नाही. टॉवेल सोलापूरचाच असणार, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. कोऱ्या टॉवेलला आणि चादरीला खळ असते, रंगही सुटतो. बाळाच्या अंगाला लावण्याआधी दोनतीनदा धुऊन घ्या. बारशाला आलेली नवीकोरी चादर तशीच्या तशी दुपटं म्हणून वापरू नका.

3. गालावर काय करायचं

टिपल्यावर अंग थोडं ओलसर असतानाच, दोनतीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावायचं. आतलं पाणी उडून जाण्याआधी त्यावर झाकण बसवायचं, एवढाच त्यामागचा हेतू. बिनवासाचं, बिनरंगाचं, घट्ट. नुसती पेट्रोलियम जेलीही चालते, स्वस्त असते आणि आग करत नाही. मोठ्या डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यातच जंतू वाढतात.

प्रमाण हा बहुतेकांचा अडकण्याचा मुद्दा. सगळ्या अंगाला दिवसातून दोनतीनदा लावायचं म्हटलं तर बाळाला आठवड्याला साधारण 100 ग्रॅम लागतं. म्हणजे 50 ग्रॅमची नळी महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही फारच कमी लावताय. लाली गेली तरी हे थांबवायचं नाही, कारण कातडी दिसायला बरी झाली तरी तिचं पाणी गळणं चालूच असतं.

तेलाबद्दल सगळे विचारतात. खोबरेल तेल बहुतेक बाळांना सोसतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल नको, त्याने कातडीचा बांध सैल होतो. शेंगदाण्याचं तेलही लावू नका, त्याचं कारण पुढे येईल.

गालाचा खरा शत्रू लाळ. दात येताना लाळ गळते, गाल भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. दूध पाजण्याआधी, भरवण्याआधी आणि झोपवण्याआधी गालावर व हनुवटीवर जेलीचा पातळ थर लावला तर लाळ आणि टोमॅटोचं सार वरच्या वर राहतं. पुसायला ओलं मऊ फडकं घ्या. वासाचे ओले टिश्यू गालाला लावू नका.

4. वळ्यांमध्ये काय करायचं

मानेची वळी दिवसातून दोनदा उघडून बघायची. बाळ गुबगुबीत असेल तर हनुवटी वर करून वळी ताणल्याशिवाय आतलं दिसतच नाही, आणि वास आल्यावर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. काख, जांघ, मनगटाची वळी, कानामागची घडी, सगळीकडे तसंच.

पाजल्यावर दूध ओघळून मानेत जातं. ओल्या मऊ सुती फडक्याने ते काढा, मग कोरड्या फडक्याने टिपा आणि वळी थोडा वेळ उघडी राहू द्या. पावडर टाकू नका. ती घामात मिसळून तिचा लगदा होतो, तो कातडीला घासतो, शिवाय भुकटी बाळाच्या नाकातोंडात जाते. वळी नुसती कोरडी-खरखरीत असेल तर हलकं क्रीम, पातळ थरात. ओलसर, चिकट असेल तर आधी कोरडी करणं हेच काम, जाड मलम नाही.

कोपराची खोबण आणि गुडघ्याची लवण या दोन जागा वेगळ्या. नावाला घडी, पण तिथे बहुधा खरा कोरडा एक्झिमा असतो. तिथे गालासारखंच वागायचं, फक्त एप्रिल-मेमध्ये दिवसा क्रीम आणि रात्री मलम असं करा. आपल्या उन्हाळ्यात दुपारी जेली थापली की घाम अडकतो आणि एक्झिम्यावर घामोळं उठतं.

5. काय चिथावतं, ते आपल्या घरात शोधा

पहिला नंबर उष्णतेचा आणि घामाचा. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर आठवडेच्या आठवडे असतो. बाळाला टोपडं, मोजे, दोन झबली आणि वर दुपटं, असं गुंडाळण्याची गरज नाही. उन्हाळ्यात एक पातळ सुती झबलं बस. कूलर चालवा, पण त्याचा झोत थेट गालावर नको, आणि त्याचं पाणी व वाळा वेळच्या वेळी बदला, नाहीतर बुरशीचा वास खोलीभर पसरतो. थंडीत उलट होतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बाळाला लोकरीचा स्वेटर घालून नेतात. लोकर थेट अंगाला लागली की खाज सुटते. आत सुती झबलं आणि वर स्वेटर, म्हणजे प्रश्न मिटतो. फरचा कॉलर असलेला स्वेटर गालाला घासणारच, तो आत्याने दिलेला असला तरी नको.

मग धूर. उदबत्ती, धूप, विडी-सिगारेट, डासांची कॉइल. पूर्व भागातल्या ज्या घरांत विड्या वळल्या जातात, तिथे तंबाखूची पूड हातावर आणि पदरावर असते. बाळाला घेण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचे आणि कामाची साडी बदलायची.

कपडे धुताना पावडर कमी, पाणी एक जास्त. सुगंधी कंडिशनर नको.

आता शेंगा. सोलापुरी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट नाही असा दिवस नसतो, चटणी तर विचारूच नका. एक्झिम्याने कातडीला बारीक भेगा पडलेल्या असतात. त्या भेगांतून शेंगदाण्याचा अंश शिरला तर शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. तोच शेंगदाणा योग्य वयात पोटातून गेला तर शरीर त्याला सहसा स्वीकारतं. लंडनमध्ये 4 ते 11 महिन्यांच्या, तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांवर मोठा अभ्यास झाला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात, ज्यांना लहानपणीच नियमित शेंगदाणा खाऊ घातला त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. म्हणून कूट कुटल्यावर हात धुतल्याशिवाय बाळाच्या गालाला हात लावू नका, शेंगदाणा तेलाने मालिश नको, आणि वरचं अन्न सुरू करताना शेंगदाणा वर्षानुवर्षं टाळूही नका. एक्झिमा जोराचा असेल किंवा अंड्याने आधी काही झालं असेल तर पहिला चमचा डॉक्टरांना विचारून. आणि कायम बारीक वाटून, पेजेत किंवा खिमटीत पातळ मिसळून. अख्खा दाणा श्वासनळीत अडकतो, तो पाच वर्षांच्या आत देऊच नये.

बाळंतिणीचं खाणं बंद करण्याबद्दल माझं मत कडक आहे. दूध, डाळी, अंडी, वांगी, सगळं बंद करून आई वाळते आणि बाळाचा गाल होता तसाच राहतो. खऱ्या ॲलर्जीची चिन्हं वेगळी असतात: एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ मलूल पडलं तर थांबू नका, 108 ला फोन करा. असं काही घडत नसेल तर आधी कातडीची काळजी नीट करून बघा.

6. नळी: घाबरू नका, पण दुकानातून उचलूही नका

नुसत्या मॉइश्चरायझरने लाली बसत नसेल तर डॉक्टर बहुधा सौम्य स्टिरॉइड देतात, चेहऱ्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का. स्टिरॉइड म्हटलं की घरात धसका बसतो आणि लोक एक दिवस लावून दोन दिवस थांबवतात. अशाने लाली कधीच पूर्ण बसत नाही आणि एकूण मलम जास्त लागतं. सांगितलेले दिवस सलग लावा, बसलं की थांबवा.

प्रमाण मोजायची सोपी रीत अशी. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, नळीतून एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा पूर्ण चेहरा आणि मान मिळून एवढी एक रेघ लागते, म्हणजे दोन्ही गालांना अर्धी रेघ पुष्कळ झाली. मॉइश्चरायझर आणि औषध एकावर एक लगेच थापू नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे औषध पातळ होत नाही.

सापळा आहे तो औषधाच्या दुकानात. "बाळाला लाल झालंय" म्हटलं की तीन-चार औषधं एकत्र केलेली नळी हातात मिळते. नळीवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे शब्द दिसले तर ते बाळाच्या गालासाठी फार जोरकस स्टिरॉइड आहे. त्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं असतं. चार दिवसांत गाल चकाचक होतो, म्हणून लोक ती पुन्हापुन्हा आणतात. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, बंद केलं की दुप्पट उसळतं. वळीत तर औषध झाकलं जाऊन जास्त शोषलं जातं, आणि लंगोटाखाली त्याहून जास्त.

एक्झिमा बसल्यावर गालावर फिकट पांढुरके डाग राहतात. ते कोड नव्हे, जंतांमुळेही नाहीत आणि कॅल्शियमची कमतरताही नाही. सूज होती तिथला रंग मागे पडलेला असतो, काही महिन्यांत भरून येतो.

7. संसर्ग झाला हे कसं ओळखायचं

हा भाग सावकाश वाचा. एक्झिम्याच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू एरवीही बसलेले असतात. त्यामुळे थोडी लाली वाढली की प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागत नाही. बदल कशात झाला ते बघायचं.

गालावर संसर्ग झाला तर कोरडा चट्टा अचानक ओला होतो. लस वाहते, ती वाळून मधासारख्या पिवळट-सोनेरी खपल्या बसतात. पुवाचे फोड दिसतात. जागा गरम लागते, सुजते, आणि आधी घासून घेणारं बाळ आता हात लावू देत नाही, कारण खाजेच्या जागी दुखणं आलं. नेहमीचं मलम नीट लावूनही एक्झिमा एकदोन दिवसांत भडकला तर तेही चिन्हच.

वळीत खपली बसत नाही, कारण तिथे वाळायला हवा नाही. तिथे दोन वेगळी चित्रं दिसतात. एक, वळी गडद लाल, चकचकीत, ओली, आणि कुबट घाण वास. हे बहुधा स्ट्रेप्टोकोकस जंतूंचं काम, आणि याला अँटिबायोटिक लागतं. दुसरं, लाल भडक पट्टा आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे बारीक लाल ठिपके. हे कॅन्डिडा बुरशीचं. याला बुरशीचं मलम लागतं, अँटिबायोटिकने ते उलट वाढतं. जिभेवर न निघणारा पांढरा थर असेल तर संशय आणखी पक्का.

यातलं कोणतंही चिन्ह दिसलं तर एकदोन दिवसांत डॉक्टर गाठायचे. खालच्या गोष्टींना मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी:

- बाळ तीन महिन्यांहून लहान आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त.
- मोठं बाळ, पण तापासोबत मलूल, दूध ओढत नाही, लघवी कमी.
- लाली तासातासाला पसरतेय, किंवा डोळ्याभोवती सूज.
- एकाच मापाचे बारीक पाणीदार फोड पुंजक्याने उठले, किंवा ते फुटून छिद्रं पाडल्यासारखे गोल बारीक व्रण झाले.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ते हर्पिसच्या विषाणूचं असू शकतं, तो एक्झिम्याच्या कातडीवर वणव्यासारखा पसरतो आणि डोळ्यापर्यंत गेला तर नजरेला धोका. अशा वेळी त्यावर घरातली स्टिरॉइडची नळी लावू नका. त्यासाठी असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लागतं आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. हा विषाणू बहुधा मोठ्या माणसाकडून येतो, ओठाच्या कडेला उठणाऱ्या पाणीदार फोडांतून. ज्यांच्या ओठावर असा फोड आहे त्यांनी तो पूर्ण वाळेपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही. मग ते आजोबा असोत, नाहीतर पुण्याहून खास भेटायला आलेली मावशी.

8. नणंदेच्या मुलाचं काय झालं

पुस्तकी चित्रं वेगळी आणि घरातलं बाळ वेगळं, म्हणून हे सविस्तर.

आठ महिन्यांचा मुलगा, एप्रिलचा शेवट. गाल आधीपासून खरखरीत, मॉइश्चरायझर चालू. उष्मा वाढला तशी मानेची वळीही लाल झाली. एका सोमवारी उजवा गाल ओला दिसला. आजीचं म्हणणं दात येतायत, लाळ आहे. दुसऱ्या दिवशी तिथे पिवळी खपली, ती कानापर्यंत गेली आणि डाव्या गालावरही दोन ठिकाणी. ताप नव्हता, दूध पीत होता. बालरोगतज्ज्ञांनी गालाकडे बघताच संसर्ग म्हणून सांगितलं. पसरलेलं असल्याने तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक वजनानुसार दिलं. खपल्या ओरबाडायच्या नाहीत, कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवून त्या मऊ करून काढायच्या, आणि हायड्रोकॉर्टिसोन चालूच ठेवायचं. नणंदेला याचं नवल वाटलं, जंतू असताना स्टिरॉइड कसं? डॉक्टरांचं उत्तर असं की आता जंतूंवर औषध सुरू आहे, आणि सूज व खाज थांबली नाही तर बाळ खाजवून जंतूंना पुन्हा दार उघडून देईल.

गुरुवारी फेरतपासणी. गाल कोरडा पडू लागला होता, पण मान आदल्यापेक्षा लाल. अँटिबायोटिक लागू पडत नाही असं वाटून नणंद दुसरं औषध मागणार होती. डॉक्टरांनी वळी ताणून उजेडात दाखवली: पट्ट्याच्या बाहेर ते सुटे ठिपके. गालावर जंतू होते, मानेत बुरशी, आणि अँटिबायोटिकने बुरशीला मोकळं रान मिळालं होतं. मानेसाठी क्लोट्रिमाझोलचं क्रीम दिवसातून दोनदा आणि लाली गेल्यावरही काही दिवस पुढे. अँटिबायोटिक गाल बरा दिसला तरी ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण केलं. पुढच्या आठवड्यात दोन्ही जागा बसल्या.

अशा उपचारानंतर 48 तासांत काहीच फरक नसेल तर थांबून न राहता परत जायचं. तेव्हा डॉक्टर जागेवरचा स्राव कापसाच्या काडीने घेऊन तपासायला पाठवतात, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. आधीच्या वेळचं उरलेलं औषध मात्र घरच्या घरी सुरू करू नका.

9. दवाखान्यात जाताना सोबत काय घ्यायचं

सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत खासगी बालरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ भरपूर आहेत. वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलात दोन्ही विभाग आहेत, तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि पुढच्या वेळी तोच न्यायचा. पिशवीत एवढं असू द्या:

- लसीकरणाचं कार्ड, त्यात वजनाच्या नोंदी असतात आणि तोंडाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो.
- जुने केसपेपर, चिठ्ठ्या आणि आईचं आधार कार्ड.
- आतापर्यंत लावलेली प्रत्येक नळी, डबा, तेल, मग ते शेजारणीने दिलेलं असो की दुकानदाराने. रिकामी नळीही आणा.
- मोबाइलमधले फोटो: दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, रोज एकाच अंतरावरून. दवाखान्यात पोचेपर्यंत लाली कमी झालेली असते, फोटो खोटं बोलत नाही.
- ताप मोजला असेल तर आकडा आणि वेळ लिहून.

निघण्याआधी गालावर काही थापू नका, खाली काय आहे ते दिसायला हवं. लस जवळ आली असेल तर तेही विचारा. एक्झिमा आहे म्हणून लस चुकवायची नसते, फक्त सुई चट्ट्यावर किंवा संसर्ग झालेल्या जागी टोचत नाहीत. आणि परत निघण्याआधी चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे गाल की वळी, दिवसातून किती वेळा आणि कधी थांबवायचं, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, कारण रात्री बाळ रडत असताना दोन नळ्यांतली कोणती कुठली ते आठवत नाही.